गटाच्या कांदाविक्रीचा तक्ता: या चुका टाळा

गटाने कांदा एकत्र विकला की पहिला वाद भावावरून होत नाही, वाटपावरून होतो. वादाचं मूळ बहुतेक वेळा तक्त्यातच असतं: सभासदाच्या नावापुढे एकच वजन लिहिलेलं असतं आणि त्यात एक नंबर माल किती, गोल्टी किती, हे कुठेच नसतं.

समजा दोघांनी प्रत्येकी २० क्विंटल कांदा दिला. पहिल्याचा १५ क्विंटल एक नंबर आणि ५ क्विंटल गोल्टी, दुसऱ्याचं नेमकं उलट. एक नंबर १८०० रुपये क्विंटलने गेला, गोल्टी ९०० ने. एकूण ५४,००० रुपये आले. सरसकट १३५० चा भाव लावला तर दोघांना २७,००० मिळतात. प्रतवार हिशेब केला तर पहिल्याचे ३१,५०० होतात आणि दुसऱ्याचे २२,५००. ज्याने निवडून चांगला माल दिला, त्याचे ४,५०० रुपये गेले. पुढच्या वेळी तो निवड कशाला करेल? म्हणून एका ओळीत एक सभासद, एक प्रत आणि एक पट्टी, एवढंच लिहा. दोन प्रती असतील तर दोन ओळी करा.

दुसरी चूक घटीची. खळ्यावरचं वजन आणि पट्टीवरचं वजन जुळत नाही. माती झडते, ओल उडते, सडका निघतो. दोन्ही वजनं वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि घट प्रतवार वाटा. एक नंबर खळ्यावर २० क्विंटल होता आणि पट्टीवर १९.८० भरला, तर पहिल्याचे १५ चे १४.८५ धरायचे. गोणीवर हिशेब तर करूच नका, सगळ्या गोण्या सारख्या भरत नाहीत. हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मात्र वजनावर वाटा, रकमेवर नको; गोल्टीची गोणी उचलायला मेहनत तेवढीच लागते.

हंगामाचा सरासरी भाव काढतानाही हमखास फसगत होते. ३० क्विंटल १८०० ने आणि ५ क्विंटल ११०० ने गेला, तर `AVERAGE` १४५० दाखवतं. खरा भाव १७०० आहे. E मध्ये पट्टीवरचं वजन आणि F मध्ये भाव असेल तर हे वापरा:

```
=SUMPRODUCT(E2:E20,F2:F20)/SUM(E2:E20)
```

बेरीज कमी येत असेल तर आधी वजनाचा रकाना बघा. कुणीतरी `45 किलो` असं लिहिलेलं असतं आणि `SUM` ती ओळ गुपचूप सोडून देतं. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहा, खाली फक्त आकडा. एकाच माणसाचं नाव दोन प्रकारे लिहिलं गेलं तर त्याची बेरीजही फुटते, म्हणून नावाऐवजी सभासद क्रमांकावर बेरीज करा.

वाटपाआधी सगळ्या सभासदांच्या रकमा आणि वजा केलेला खर्च यांची बेरीज पट्टीवरच्या एकूण विक्रीशी ताडून बघा. पैसे पूर्णांकात केल्यामुळे दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. त्याहून जास्त फरक आला तर ती पट्टी पुन्हा तपासा, आणि तोवर कुणालाही पैसे देऊ नका.