चुनखडीच्या जमिनीत गव्हाला युरिया: आधी फोकावा की आधी पाणी द्यावे?

बागायती गव्हाला पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, नत्राचा दुसरा हप्ता देतात. बरेच जण आधी पाणी देतात आणि वाफसा आला की ओलीवर युरिया फोकतात. चुनखडीच्या जमिनीत नत्र वाया घालवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आधी आपली जमीन त्यात मोडते का ते पाहा. मातीच्या कोरड्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका. जोरात फसफसले तर मोकळा चुना भरपूर आहे. माती परीक्षणाच्या अहवालात सामू 8 च्या वर आणि मुक्त चुना 5 ते 10 टक्के किंवा जास्त असेल, तर पुढचे सगळे तुम्हाला लागू आहे.

युरिया ओलीत विरघळला की मातीतले युरिएज विकर त्याचे अमोनियम कार्बोनेट करते आणि दाण्याभोवतीचा सामू आणखी चढतो. आम्लधर्मी माती तो चढ काही अंशी दाबते. चुनखडीची माती दाबत नाही, म्हणून अमोनियमचा अमोनिया वायू होतो. हे पृष्ठभागावर घडले तर वायू थेट हवेत जातो. पाच सेंटिमीटर खाली घडले तर वर येताना काळ्या मातीतले चिकणकण त्याला धरून ठेवतात. म्हणजे खताला खाली पोचवणे एवढेच काम आहे, आणि ते पाण्याने किंवा कोळप्याने होते.

पाण्याने करायचे तर क्रम उलटा करा: वरची माती कोरडी असताना युरिया फोका आणि त्याच पाळीत पाणी द्या. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने रूपांतर होण्याआधी तो पाण्याबरोबर सहज खाली उतरतो. हेक्टरी 60 किलो नत्राचा हप्ता धरला तर 130 किलो युरिया लागतो, म्हणजे एकरी सुमारे 53 किलो. 45 किलोच्या गोणीपेक्षा थोडा जास्त. सारे 50 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असतील तर एकरात चाळीसेक बसतात आणि प्रत्येकी सुमारे 1.3 किलो येतो. तेवढ्याचे एक माप ठरवून घ्या, अंदाजाने मूठ टाकू नका.

सकाळी पातीवर दव असते. दाणे चिकटतात, पात करपते आणि विरघळलेला युरिया वरच राहतो. दुपारनंतर पात कोरडी झाल्यावर फोका. रात्री वीज असेल तर जेवढे सारे त्या पाळीत भिजणार तेवढ्यांतच टाका. अख्ख्या एकरात टाकून मोटार बंद पडली, की उरलेले खत दवाच्या हवाली होते. पाण्याची धार बेताची ठेवा. ती जोरात सोडली तर खत शेपटाकडे वाहते. तिथला गहू गर्द हिरवा आणि तोंडाकडचा फिका दिसला तर हेच झाले असे समजा. जमिनीला मोठ्या भेगा पडेपर्यंत थांबू नका; पाणी खत घेऊन मुळांच्याही खाली जाईल.

तुषार संच असेल तर काम आणखी सोपे. शेतात सरळ कडांचा डबा ठेवा आणि त्यात 12 ते 15 मिलिमीटर पाणी साचेपर्यंत संच चालू ठेवा. पावसाच्या भरवशावर टाकायचे तरी माप हेच. दोन-तीन मिलिमीटरचा शिडकावा न पडलेलाच बरा, कारण तो दाणा विरघळवतो पण खाली नेत नाही.

पाणी आधीच दिले असेल तर वाफशावर नुसता फोक नको. दोन ओळींमध्ये युरिया टाकून हातकोळप्याने त्याच दिवशी पाचेक सेंटिमीटर खोल मातीआड करा. वरवर खरवडून दाणे एक-दोन सेंटिमीटरवर राहिले तर फारसा उपयोग नाही. ओळी दाट असून कोळपे चालत नसेल, तर पुढच्या पाण्यापर्यंत थांबणे परवडते.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर ओल्या मातीत दोन जागा घ्या. एकीवर दहा-पंधरा दाणे वर टाका, दुसरीत तेवढेच पाच सेंटिमीटर खाली पुरा. हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओला कागद पेल्याच्या आत चिकटवून दोन्हीकडे पेले पालथे घाला. एक-दोन दिवसांत उघड्या दाण्यांवरचा कागद तांबूस होतो, दुसरा बराचसा पिवळाच राहतो.

निमलेपित युरियामुळे ही गळती थांबते असा समज आहे. तो लेप अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो. अमोनिया उडणे रोखत नाही, उलट नत्र जास्त काळ अमोनियम रूपात राहते. अमोनियम सल्फेटवर जायचे म्हटले, तर चुनखडीत उघड्यावर टाकलेल्या त्या खतातूनही अमोनिया उडतो. तेही झाकावेच लागते.

फोकून झाले आणि पाणी चुकले, तर दुसऱ्या दिवशीच पाणी द्या किंवा कोळपा. उबदार, ओल्या मातीत बराच युरिया दोन-तीन दिवसांतच बदलतो. आठवड्यानंतर दिलेले पाणी पिकाला मिळेल, पण उडालेले नत्र परत येणार नाही.