दुकानाच्या भाड्यावरचा रिव्हर्स चार्ज: नोंदी आणि क्रेडिटची वेळ

नोंदणी नसलेल्याकडून काहीही घेतलं की रिव्हर्स चार्ज भरा, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच जीएसटी भरा, हा सल्ला अजूनही फिरतो. 13 ऑक्टोबर 2017 नंतर सर्वसाधारण व्यापाऱ्याला तो लागू नाही (बांधकाम प्रवर्तकांचे नियम वेगळे). आता तो कायद्याने नेमून दिलेल्या सेवा-वस्तूंवरच लागतो. त्यातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे नोंदणी नसलेल्या मालकाला दिलेलं दुकानाचं भाडं, 10 ऑक्टोबर 2024 पासून. कंपोझिशनवाल्यांना यातून नंतर वगळलं.

भाडं 40,000 आणि कर 18 टक्के धरू. भाडे खातं नावे, जागामालक जमा. मालक कर लावत नाही, म्हणून त्याच्या खात्यात कराचा रुपयाही जाऊ देऊ नका. स्वतःच्या नावाने स्व-बीजक 30 दिवसांच्या आत काढा.

रिव्हर्स चार्जच्या, म्हणजे आरसीएमच्या, कराची वेगळी जर्नल नोंद करा. ‘आरसीएम क्रेडिट, प्रलंबित’ खातं नावे 7,200. ‘आरसीएम सीजीएसटी देय’ आणि ‘आरसीएम एसजीएसटी देय’ जमा, प्रत्येकी 3,600. पैसे भरले की देय खाती नावे, कॅश लेजर जमा. इथे रोखच लागते. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर पडून असले तरी त्यातून हा कर फिटत नाही.

आता घोळाची जागा. बरेच जण जर्नल करतानाच रक्कम थेट इनपुट खात्यात टाकतात. मग कर भरायचा राहतो आणि क्रेडिट मात्र वापरलं जातं. प्रलंबित खातं याचसाठी: कर भरल्यावरच तिथली रक्कम इनपुट खात्यात न्यायची. त्यासाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. GSTR-3B मध्ये 3.1(d) ला देणं दाखवून रोख भरत असाल, तर त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) ला क्रेडिट घेता येतं. हे क्रेडिट पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या GSTR-2B मध्ये शोधू नका, मालक नोंदणीकृत नसल्याने ते तिथे येणारच नाही. आणि जागा करमुक्त विक्रीसाठी असेल तर क्रेडिट नाही. ते 7,200 भाड्याच्या खर्चातच टाका.

नोव्हेंबर 2024 चं, तेव्हाच दिलेलं भाडं सुटलं आणि डिसेंबर 2025 मध्ये लक्षात आलं, तर स्व-बीजकावर मागची तारीख घालायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. तसं केलं तर बीजक 2024-25 चं ठरतं आणि त्याच्या क्रेडिटची मुदत 30 नोव्हेंबर 2025 लाच संपलेली असते. खरी तारीख घाला. जून 2024 च्या परिपत्रकानुसार स्व-बीजक ज्या वर्षी काढलं ते वर्ष धरतात, म्हणजे 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत वेळ मिळते; वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. उशिराचं व्याज वर्षाला 18 टक्के, इथे महिन्याला साधारण 108 रुपये. त्याचं क्रेडिट नाही, दंडही होऊ शकतो. पण 7,200 वाचतात.