साखरेचं पाणी किती अंशाला उकळेल? वजनकाटा आणि एक सूत्र वापरून काढायची रीत

नुसतं पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान एका आकड्यावर थांबतं. गॅस मोठा करा, बारीक करा, पाणी आटत जाईल पण आकडा हलणार नाही. साखरेचा पाक मात्र उकळता उकळता तापत राहतो. पाणी कमी होत जातं, पाक घट्ट होत जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचा उत्कलनांक आधीपेक्षा थोडा वर सरकलेला असतो. हा उत्कलनांक थर्मामीटर न बुडवता, फक्त वजनांवरून आधीच काढता येतो. कसा, ते एका खऱ्या भांड्यावर करून पाहू. पुढे हे गणित कुठे साथ सोडतं तेही सांगेन, कारण पाकाच्या बाबतीत तेच जास्त कामाचं आहे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. साखरेची वाफ होत नाही, पण तिचे रेणू पाण्यात जागा अडवतात, त्यामुळे वाफ होऊन निसटणारं पाणी तेवढं कमी पडतं. रेणूंची संख्या मोल या मापात मोजतात. एक किलो पाण्यात साधारण साडेपंचावन्न मोल पाणी असतं. त्यात एक मोल साखर घातली, तर दर साडेछप्पन्न रेणूंमागे एक रेणू साखरेचा झाला, म्हणजे वाफेचा दाब सुमारे पावणेदोन टक्के उतरला. आता शंभर अंशांच्या आसपास पाणी एक अंशाने तापवलं की वाफेचा दाब साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो. मग उतरलेले पावणेदोन टक्के भरून काढायला किती तापवावं लागेल? अर्धा अंश. पाण्याचा उत्कलनांक स्थिरांक म्हणतात तो हाच. नेमका आकडा ०.५१२ आहे. एक किलो पाण्यात एक मोल न उडणारा पदार्थ विरघळला, तर उत्कलनांक ०.५१२ अंशाने चढतो. पाठ्यपुस्तकात हाच आकडा ०.५२ असाही दिलेला आढळतो.

सूत्र एवढंच:

ΔT = Kb × m

इथे ΔT म्हणजे उत्कलनांकातली वाढ, Kb म्हणजे द्रावकाचा स्थिरांक (पाण्यासाठी ०.५१२) आणि m म्हणजे मोलॅलिटी, म्हणजेच एक किलो द्रावकात द्राव्याचे किती मोल आहेत ते. आपल्या भांड्यात द्रावक पाणी आणि द्राव्य साखर.

पहिलं काम: आपल्या गावचं पाणी किती अंशाला उकळतं ते पाहा

सूत्रातून फक्त वाढ मिळते. ती कशात मिळवायची हे आपल्यालाच पाहावं लागतं, आणि इथे सवयीने शंभर धरणं ही सगळ्यांत मोठी चूक ठरते. समुद्रसपाटीवर शंभर ठीक आहे. पण दर तीनशे मीटर चढलं की उत्कलनांक साधारण एक अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे साडेपंचाण्णवच्या जवळपास. सुरुवातीला मी पुण्यात बसून शंभर धरत होतो आणि माझा पाक गणितानुसार उकळायच्या आधीच उकळताना दिसायचा. थर्मामीटर बिघडलाय असं वाटून मी नवा आणला, त्यानेही तेच दाखवलं.

हवेचा दाबही रोज सारखा नसतो. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून आकडा लिहून ठेवा. थर्मामीटरमध्ये दोष असलाच, तरी तो दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. ०.१ अंश दाखवणारा, सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एकेक अंशाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीवर अर्ध्या अंशाचा फरक ओळखणं कठीण जातं.

समजा, पुण्यातल्या स्वयंपाकघरात हा आकडा आला ९८.१.

दुसरं काम: मोलॅलिटी काढणं

आपण ५०० ग्रॅम पाणी आणि २५० ग्रॅम साखर घेतली. दुकानातली पांढरी साखर जवळजवळ निव्वळ सुक्रोज असते आणि सुक्रोजच्या एका मोलचं वजन ३४२.३ ग्रॅम. म्हणून:

२५० ÷ ३४२.३ = ०.७३० मोल

आता हे मोल किती किलो पाण्यात आहेत ते पाहायचं. लक्षात ठेवा, भागायचं ते फक्त पाण्याच्या वजनाने. पाणी आणि साखर मिळून ७५० ग्रॅम झाले म्हणून ०.७५० ने भागलं, तर उत्तर दोन तृतीयांशच येतं. एक लिटर द्रावणात किती मोल, हे वेगळं माप आहे. त्याला मोलॅरिटी म्हणतात. ते इथे सोयीचं नाही, कारण तापल्यावर द्रावण फुगतं आणि लिटरचा हिशेब बदलतो. ग्रॅम मात्र तापवून बदलत नाहीत.

०.७३० ÷ ०.५०० = १.४६

भांड्यात पाणी घालताना ही मोलॅलिटी बरोबर आहे. पण पाक उकळी फुटेपर्यंत तापतो तेवढ्यात थोडं पाणी उडून जातं. म्हणून वजनकाटा हाताशी हवा. रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा. आपलं ४१० ग्रॅम धरू. सुरुवातीला सगळं मिळून ११६० ग्रॅम. उकळी आली, थर्मामीटर वाचला आणि लगेच भांडं काट्यावर ठेवलं (खाली जाड लाकडी पाट ठेवून, त्याचं वजन वजा करून) तर समजा ११३० भरलं. कमी झालेले ३० ग्रॅम सगळे पाण्याचे, कारण साखर उडत नाही. उरलं पाणी ४७० ग्रॅम.

०.७३० ÷ ०.४७० = १.५५

तिसरं काम: वाढ काढून मिळवणं

ΔT = ०.५१२ × १.५५ = ०.८ अंश

म्हणजे हा पाक ९८.१ + ०.८ = ९८.९ अंशांना उकळायला हवा. पाव किलो साखर घालूनही एक अंशाचीसुद्धा वाढ नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. साखरेचा रेणू जड आहे, त्यामुळे वजनाच्या मानाने रेणूंची संख्या कमी भरते. या सूत्राला वजनाशी घेणं नाही, ते रेणू मोजतं. तेवढ्याच वजनाचं ग्लुकोज घेतलं (मोलचं वजन १८०), तर वाढ जवळपास दुप्पट मिळेल.

वाचन घेताना

सळईचं टोक पाकात पूर्ण बुडलेलं हवं, पण भांड्याच्या तळाला टेकता कामा नये, कारण तळ पाकापेक्षा जास्त तापलेला असतो. टोक पाकाच्या वर, वाफेत राहिलं तर वेगळाच घोटाळा होतो. वर येणारी वाफ निव्वळ पाण्याची असते, ती सळईवर गार होऊन पाणी बनते आणि थर्मामीटर साध्या पाण्याचाच उत्कलनांक दाखवू लागतो. साखर घालूनही आकडा ९८.१ वरच अडला असेल, तर आधी टोक कुठे आहे ते बघा. पाक सावकाश ढवळत राहा आणि आकडा दहा-पंधरा सेकंद स्थिर राहिला की मगच लिहा. घट्ट पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, म्हणून भांडं काट्यावर नेताना दोन्ही हातांनी धरा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

पाक घट्ट झाला की सूत्र मागे पडतं

आता तोच पाक आटवत जा. एकूण वजन ९१० ग्रॅमवर आलं की पाणी २५० उरलं, साखरेइतकंच. मोलॅलिटी २.९२, सूत्राची वाढ १.५ अंश. प्रत्यक्षात थर्मामीटर पावणेदोन ते दोन अंशांची वाढ दाखवतो. आणखी आटवून वजन ७६० वर आणलं, तर पाणी फक्त १०० ग्रॅम. मोलॅलिटी ७.३०, सूत्र म्हणतं ३.७ अंश, पण खरी वाढ साडेपाच-सहा अंशांच्या घरात जाते.

यात गणित चुकलेलं नाही. साखरेचे रेणू विखुरलेले आहेत आणि पाण्याशी त्यांची खास ओढ नाही, असं हे सूत्र गृहीत धरतं. पातळ द्रावणात तसं मानून चालतं. पण सुक्रोजच्या प्रत्येक रेणूला पाण्याला धरून ठेवणारे आठ हायड्रॉक्सिल गट असतात. भरपूर पाणी असताना थोडं पाणी असं अडकलं तरी फरक जाणवत नाही. घट्ट पाकात मात्र मोकळं पाणी आधीच कमी असतं, त्यातलं बरंच साखरेने धरलेलं असतं, आणि वाफ होऊन निघायला हिशेबापेक्षा कमी पाणी उरतं. म्हणून उत्कलनांक सूत्राच्या पुढे धावतो. माझ्या मते एक मोलॅलिटीपर्यंत सूत्रावर निर्धास्त विसंबावं, दोनपर्यंत अंदाजासाठी वापरावं, आणि एकतारी-दोनतारी पाकासाठी सरळ थर्मामीटरच मानावा. गुळाचं गणित तर या वाटेने करूच नये. त्यात सुक्रोजसोबत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार असतात, त्यामुळे भागायला एकच रेणुभार मिळत नाही.

लिंबू पिळलं असेल तर

पाकाची साखर होऊ नये म्हणून आपल्याकडे त्यात लिंबाचे थेंब टाकतात. आम्लात उकळताना सुक्रोजचा एक रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. वजन तेवढंच, पण रेणू वाढले, म्हणजे सूत्रातले मोल वाढले. वरच्या ९१० ग्रॅमच्या टप्प्यावर सगळी साखर फुटली असती, तर सूत्राची वाढ दीडवरून तीन अंशांवर गेली असती. घरच्या पाकात थोडाच भाग फुटतो. तो पाहायचा असेल तर दोन सारखी भांडी घ्या, एकात लिंबू पिळा, दोन्ही तेवढाच वेळ उकळा आणि दोन्हींची वजनं पाणी घालून ९१० वर आणा. मग पुन्हा उकळी आणून दोन्हींचे आकडे वाचा. लिंबाच्या भांड्याचा आकडा जितका वर, तितकी साखर फुटलेली.