ड्रॉइंगवरचा साइज वाचताना या चुका टाळा: स्टेप शाफ्टवर ३५ आला कुठून?

जॉब रिजेक्ट झाला की आधी सगळे म्हणतात माप चुकलं, पण बऱ्याचदा माप घेतलेलं अगदी बरोबर असतं, फक्त ते चुकीच्या जागेवरून घेतलेलं असतं. म्हणजे आकडा नीट वाचला, पण त्या आकड्याची रेघ कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते कोणी बघितलंच नाही. म्हणून इथे एकच साधा शाफ्ट घेतो आणि त्याच्यावरच सगळं बोलतो, कारण दहा ड्रॉइंग वरवर बघण्यापेक्षा एक नीट समजलं की पुढची आपोआप कळायला लागतात.

शाफ्ट असा आहे. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत पॅकिंगची मशीनं असतात ना, त्यांचे असले शाफ्ट कुंडई-पिळर्णच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कायम बनवायला येतात. तीन डायामीटर. डावीकडे Φ25 g6, मध्ये Φ32 ची कॉलर, उजवीकडे Φ20. लांबीची मापं तीन, आणि तिन्ही डाव्या फेसवरून सुरू होतात: पहिल्या शोल्डरपर्यंत ३० ±०.१, दुसऱ्या शोल्डरपर्यंत ७५ आणि त्याच्या बाजूला वर ०, खाली −०.१, आणि शेवटपर्यंत पूर्ण लांबी ११०, तिला टॉलरन्स लिहिलेलाच नाही. कॉलरच्या खाली कंसात (४५) आहे. उजव्या Φ20 च्या तुकड्याची लांबी कुठेच दिलेली नाही.

आता इथेच पहिली आणि सगळ्यात महाग चूक होते. टर्नर हिशोब करतो, ११० वजा ७५ म्हणजे ३५, आणि जॉब उलटा धरून उजव्या फेसवरून ३५ मोजून Φ20 टर्न करून टाकतो. गणित बरोबर आहे पण ड्रॉइंगमध्ये ३५ नाहीच! डिझाइन करणाऱ्याने ते मुद्दाम दिलेलं नाही, कारण त्याला दुसरा शोल्डर डाव्या फेसपासून किती लांब आहे त्याच्याशी मतलब आहे, उजवं टोक मोकळं आहे, ते थोडंफार इकडेतिकडे झालं तरी त्याला चालतं.

बघा नक्की काय होतं ते. ११० ला टॉलरन्स लिहिलेला नाही, पण खाली टायटल ब्लॉकमध्ये ISO 2768-m असं लिहिलंय. त्या टेबलमध्ये ३० च्या वर आणि १२० पर्यंतच्या मापाला ±०.३ मिळतो, म्हणजे पूर्ण लांबी १०९.७ ते ११०.३ मध्ये काहीही असली तरी पास. समजा एक पीस ११०.२० ला कापला गेला, पास आहे. त्याच्या उजव्या फेसवरून तुम्ही बरोब्बर ३५.०० घेतलेत, तर शोल्डर डाव्या फेसपासून ७५.२० वर आला. आणि पाहिजे होता ७४.९० ते ७५.०० मध्ये. ०.२० ने बाहेर! दुसरा पीस १०९.८० चा निघाला, तोही पास, पण त्याच ३५.०० मुळे शोल्डर गेला ७४.८० वर.

या दोन पीसमध्ये फरक मोठा आहे. ७५.२० वाला वाचतो, कारण शोल्डरवर मटेरियल जास्त आहे, पाव मिलिमीटर फेस करून ७४.९५ ला आणता येतो. ७४.८० वाला भंगारात, तिथलं मटेरियल निघून गेलंय आणि डावा फेस घासला तर माप अजून कमी होणार. त्यामुळे लॉटमध्ये काही पीस पास, काही रिवर्क आणि काही भंगार असं मिश्रण निघालं आणि मशीनमध्ये किंवा टूलमध्ये काही दोष सापडत नसेल तर आधी हेच तपासा, की माप ज्या फेसवरून दिलंय त्याच फेसवरून घेतलंय का.

मग उपाय काय, कारण Φ20 टर्न करताना डावा फेस चकच्या आत असतो, तिथून व्हर्नियर लावणार कसा? दोन रस्ते आहेत. एक, चकच्या आत पक्का स्टॉपर लावा आणि प्रत्येक पीसचा डावा फेस त्याला टेकवून धरा, मग कॅरेजचं माप डाव्या फेसवरूनच होतं आणि पूर्ण लांबी किती निघाली त्याने काही फरक पडत नाही. पीस जास्त असतील तर हाच रस्ता बरा. दुसरा, चार-पाचच पीस असतील तर प्रत्येकाची पूर्ण लांबी खरोखर मोजा आणि त्यातून ७४.९५ वजा करा. ११०.२० असेल तर ३५.२५ घ्या, १०९.८० असेल तर ३४.८५. प्रत्येक पीसचा आकडा वेगळा येणार आणि तेच बरोबर आहे. ७४.९५ का, तर तो ७४.९० आणि ७५.०० च्या मधोमध आहे. वर शून्य लिहिलेलं असेल तर ७५.०० हे टार्गेट नाही, ती कडा आहे, टूल जरासं झिजलं की तुम्ही बाहेर.

आता तो कंसातला (४५). हे माप माहितीसाठी असतं, त्याच्यावर पीस पास-नापास करायचा नसतो. तरी काही ठिकाणी इन्स्पेक्शनवाला व्हर्नियर लावतो, ४४.८२ येतं, आणि ४५ ±०.१ ला बसत नाही म्हणून पीस बाजूला. पण दोन्ही शोल्डर आपापल्या टॉलरन्समध्ये असतील तर कॉलर किती होऊ शकते ते काढून बघा. सगळ्यात लहान ७४.९० वजा ३०.१० म्हणजे ४४.८०, सगळ्यात मोठी ७५.०० वजा २९.९० म्हणजे ४५.१०. ०.२ चा पट्टा आणि ०.१ चा पट्टा मिळून ०.३ झाला. काढलेल्या मापाचा पट्टा नेहमी दोघांची बेरीज होतो, कधीच कमी होत नाही, म्हणून मनाने काढलेल्या मापाला मनाने टॉलरन्स लावू नका.

रेघ नक्की कुठे टेकते हेही डोळ्यांनी पाठलाग करून बघायचं. बाण असतो ती मापाची रेघ, आणि जॉबच्या कडेपासून थोडी जागा सोडून बाहेर आलेली बारीक उभी रेघ असते ती सांगते की माप कुठल्या फेसचं आहे. आपल्या शाफ्टला डाव्या टोकाला १×४५° चा चेंफर आहे आणि पहिल्या शोल्डरला चिकटून २ मिमीचा अंडरकट आहे, त्यामुळे तिथे जवळजवळ दोन-दोन उभ्या रेघा दिसतात. ३० ची रेघ टोकाच्या फेसवरून निघते, चेंफरच्या कडेवरून नाही, आणि शोल्डरच्या फेसला जाते, अंडरकट जिथे सुरू होतो तिथे नाही. म्हणजे अंडरकट ३० च्या आत धरलेला आहे. ज्याने तो बाहेर धरला त्याचा शोल्डर ३२ वर जाणार. शंका असेल तर ड्रॉइंग मोठं करून बघा, पण कृपा करून प्रिंटवर पट्टी लावून मोजू नका, पेपरला फिट करून काढलेल्या प्रिंटचं स्केल केव्हाच बदललेलं असतं.

डायामीटरच्या बाबतीत चूक वेगळ्या प्रकारची होते. Φ25 g6 म्हणजे वर −०.००७, खाली −०.०२०. दोन्ही मायनस. म्हणजे २४.९९३ ते २४.९८०, आणि बरोब्बर २५.००० चा पीस रिजेक्ट! नव्या पोरांना हे पटतच नाही, ते म्हणतात दादा ड्रॉइंगवर २५ लिहिलंय आणि मी २५ दिलं. पण २५ हे फक्त नाव आहे, त्या नावापासून किती खाली राहायचं ते बाजूचे आकडे सांगतात. हा शाफ्ट २५ H7 च्या बुशमध्ये फिरणार आहे, बुशचं भोक २५.००० ते २५.०२१ असतं, आणि दोघांमध्ये तेलासाठी कमीत कमी ०.००७ जागा राहावी म्हणून शाफ्ट मुद्दाम बारीक ठेवलाय. शाफ्ट २५.००० झाला आणि बुशही २५.००० चाच मिळाला तर जागा शून्य, आत गेला तरी फिरताना पकडणार.

आणि एक गोष्ट हल्ली फार होतेय. चवथीच्या आधी सगळ्यांना घाई असते, कंपनीतून ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, त्यात ती छोटीशी मायनसची रेघ पुसट होते आणि माणूस ०.००७ आणि ०.०२० असं प्लसमध्ये वाचतो. हे ओळखायचं कसं तर अक्षरावरून. शाफ्टच्या लहान अक्षरांत a पासून g पर्यंत दोन्ही आकडे मायनसच असतात, h ला वरचा आकडा शून्य असतो, आणि m, n, p मध्ये दोन्ही प्लस. g दिसतोय आणि आकडे प्लस वाटतायत म्हणजे फोटो खराब आहे, सरळ फोन करा आणि पीडीएफ मागा. वरचा आकडा नेहमी मोठ्या साइजचा असतो हेही लक्षात ठेवा, −०.००७ वर असतो कारण तो पीस जास्त जाड होतो, २० हा आकडा ७ पेक्षा मोठा दिसतो म्हणून तो जाड असं नाही.

ड्रॉइंग बरोबर वाचलं तरी हा पट्टा फक्त ०.०१३ चा आहे, १३ मायक्रॉन. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरचं एक घर सुद्धा त्यापेक्षा मोठं आहे, त्यामुळे g6 व्हर्नियरने मोजला असं कोणी सांगितलं तर त्याने मोजलेलंच नाही. ०.०१ च्या साध्या मायक्रोमीटरवर आत दोनच रेघा पडतात, २४.९८ आणि २४.९९, आणि २४.९८ तर थेट खालच्या कडेवर. ०.००१ चा मायक्रोमीटर पाहिजे, नाहीतर गो आणि नो-गो चा स्नॅप गेज.

आणि लेथवरून गरम उतरलेला पीस लगेच मोजू नका. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, पीस तुमच्या मायक्रोमीटरपेक्षा २० डिग्रीने गरम असेल तर २५ च्या डायामीटरला जवळजवळ ६ मायक्रॉन होतात, म्हणजे पट्ट्याचा अर्धा भाग. गरम असताना २४.९८४ दाखवलं आणि तुम्ही खूश, थंड झाल्यावर तोच २४.९७८, खालच्या कडेच्या बाहेर. फिनिश कट घ्यायच्या आधी पीस आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच टेबलावर ठेवा, हाताला दोन्ही सारखे लागले की मोजा, आणि २४.९८६ च्या आसपास थांबा.