उद्या मित्राचा इंटरव्ह्यू असेल तर आज रात्री काय पाठवायचं

ही यादी मी स्वतःसाठी लिहिली होती. गेल्या आठवड्यात ती पुन्हा कामाला आली, म्हणून इथे टाकतो. सगळ्यात आधी एकच गोष्ट: मेसेजमध्ये 'कळव' हा शब्द नको. 'लगेच कळव' नको, 'झालं की फोन कर' नको, 'वाट बघतोय' तर नकोच नको. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र पाळा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जवळच्या मित्राचा चाकणला इंटरव्ह्यू होता. तो साताऱ्याचा, डिप्लोमा झालेला, डायकास्टिंगच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होता, आणि आता मोठ्या कंपनीत जायची संधी आली होती. आदल्या रात्री तो भोसरीला मावसभावाकडे उतरला होता. मी रात्री सव्वाअकराला त्याला लिहिलं, 'उद्या तुझंच होणार, शंभर टक्के! काका-काकू किती वाट बघतायत. झालं की लगेच कळव, पार्टी पाहिजे!' दुसऱ्या दिवशी दुपारी एकला 'काय झालं?' आणि वर दोन फोन. तो तेव्हा दुसऱ्या राउंडसाठी बाहेर बाकावर बसला होता आणि खिशात फोन थरथरत होता. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पुढचे तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. शेवटी एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "उचलून तुला काय सांगणार होतो?"

माझ्या त्या चार वाक्यांपैकी एकही वाईट मनाने लिहिलेलं नव्हतं. तरी चारही चुकली.

आता यादी. वेळ आठ ते नऊच्या मधली. जेवण झालेलं असतं, कपड्यांना इस्त्री झालेली असते, झोपायला अजून वेळ असतो. अकरानंतर अजिबात पाठवू नका. ज्याला सकाळी साडेपाचला उठायचंय त्याची लागलेली झोप तुमच्या मेसेजने मोडली, तर ती पुन्हा लागेलच असं नाही. मेसेज फक्त त्यालाच पाठवायचा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकला की वीसजण अंगठे दाखवतात आणि उद्या संध्याकाळी ते वीसजण विचारतात. पुन्हा तेच, 'कळव'.

फाइल, मार्कशीट, फोटो, पत्ता हे सगळं त्याला माहीत असतं. विचारू नका. 'अमुक प्रश्न हमखास विचारतात', 'हा व्हिडिओ बघ' असलं काहीही रात्री नऊला पाठवू नका. त्यावेळी नवीन काही डोक्यात शिरत नाही, फक्त आपलं काय राहिलंय तेवढं दिसायला लागतं. 'टेन्शन घेऊ नकोस' हेही नको. तो निवांत जेवत असेल तर त्या शब्दाने घास अडकतो.

यानंतर खरं काम आहे, आणि त्याला थोडा वेळ द्या. विश्वास दाखवायचा, पण कशावर? 'तुझंच होणार' म्हणताना आपण निकालावर पैज लावतो, आणि निकाल त्याच्या हातात नसतो. त्याच जागेसाठी कंपनीतलाच कुणी आधीपासून ठरलेला असतो, जागाच रद्द होते, किंवा त्याच्याहून जास्त अनुभवाचा माणूस येतो. तरीही आपण शंभर टक्के म्हणून बसलेलो असतो, आणि नाही झालं तर त्याला स्वतःच्या अपयशाबरोबर आपला शब्दही खोटा पाडल्यासारखं वाटतं. म्हणून विश्वास त्याने आधीच केलेल्या आणि आपण स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एखाद्या गोष्टीवर ठेवायचा. ती घडून गेलेली असते, उद्या काहीही झालं तरी खोटी ठरत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच मित्राचा पुन्हा इंटरव्ह्यू होता, पुन्हा चाकणलाच, दुसरीकडे. मी दुपारीच बसून आठवलं की त्याचं असं काय आहे जे मला खरंच माहीत आहे. काही महिन्यांपूर्वी टपरीवर चहा पिताना त्याने सांगितलं होतं की त्यांच्याकडे एका पार्टमध्ये ब्लोहोल यायचे, म्हणजे धातू आत ओतताना हवा अडकून पोकळ्या राहायच्या. सगळे मशीनच्या प्रेशरमागे लागले होते. याने रिजेक्ट झालेले पार्ट गोळा करून एका ओळीत मांडले, तर पोकळी प्रत्येकात एकाच कोपऱ्यात. मग डाय, म्हणजे धातू ओतायचा साचा, उघडून पाहिली, तर त्या कोपऱ्यातला हवा बाहेर जायचा व्हेंट बुजलेला. साफ केल्यावर रिजेक्शन उतरलं. म्हणून मी लिहिलं:

'अरे, तू तो बुजलेला व्हेंट कसा शोधलास ते टपरीवर सांगितलं होतंस ना, मला कास्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही तरी सगळं समजलं होतं. उद्या तसंच सांग. ऑल द बेस्ट. उत्तर देत बसू नकोस, झोप. रविवारी मिसळ आहेच.'

यात एकही प्रश्न नाही, हे बघा. प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. 'झाली का तयारी?' हासुद्धा प्रश्नच. 'उत्तर देत बसू नकोस' हे मुद्दाम लिहायचं, नाहीतर भिडेखातर तो काहीतरी टाइप करत बसतो. आणि मिसळ ही निकालाशी बांधलेली नाही. पार्टी म्हटलं की नोकरी लागली तरच. मिसळ दर रविवारची. 'काहीही झालं तरी' असंही जोडायचं नाही, त्यात न होण्याची शक्यता आपणच आणून ठेवतो. घरच्यांचा, कर्जाचा, लग्नाचा उल्लेख नाही. ते त्याच्या डोक्यात आधीच असतं.

पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा आणि 'कळव' शोधा. माझ्या पहिल्या खरड्यात तो होता! सवयीने आला होता, शेवटच्या ओळीत. खोडला.

त्याने स्वतः फोन केला तर घ्या, आणि तो बोलेल तेवढं ऐका. मधे शिकवू नका. दहा मिनिटांनी 'चल, झोप आता' म्हणून तुम्हीच ठेवा, त्याला ठेववत नसतो. सोडायला गाडी घेऊन जाणार असाल तर ते दोन दिवस आधीच पक्कं करा. आदल्या रात्री 'सोडू का?' विचारलंत तर आखलेला बेत हलतो.

सकाळी काही नाही. दुपारी काही नाही. फोन नाही, 'ऑनलाइन दिसतोयस' नाही, त्याच्या मावसभावाला विचारणं नाही. संध्याकाळीही नाही. हात शिवशिवले तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

रविवारी मिसळीला तो आला. दुसरी वाटी तर्री मागवल्यावर त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. पॅनलमधल्या एकाने रिजेक्शनबद्दल विचारलं, तेव्हा याने टेबलावरचे चार पेन ओळीत मांडून ते पार्ट कसे लावले होते ते दाखवलं. निकाल अजून यायचाय. मी विचारलेलं नाही.