क्विक मास्कमध्ये ब्रशने वस्तू झाकून आजूबाजूचं सगळं कसं उडवायचं

उदाहरणादाखल एक लाल कप घेऊ. त्याला कान आहे, मागची पार्श्वभूमी फिकट आहे आणि आपल्याला फक्त कप ठेवायचा आहे. हे सगळं फोटोशॉपमधलं आहे. लेअरची एक प्रत काढून लपवून ठेवा आणि ज्या लेअरवर काम करणार आहात तो Background म्हणून कुलूपबंद असेल तर कुलूप काढा. नाहीतर शेवटी Delete दाबल्यावर पार्श्वभूमी पारदर्शक होण्याऐवजी Fill ची खिडकी उघडते.

काहीही सिलेक्ट नसताना Q दाबा, म्हणजे क्विक मास्क सुरू होईल. आता काळ्या रंगाने जे रंगवाल ते लाल झिलईखाली झाकलं जाईल आणि झाकलेला भाग सिलेक्शनच्या बाहेर राहील. म्हणून कपच रंगवायचा. पुन्हा Q दाबून बाहेर पडल्यावर कप सोडून बाकी सगळं आपोआप सिलेक्ट होतं आणि सिलेक्शन उलटं करायची गरज पडत नाही. बरेच जण आधी सेटिंगमध्ये Selected Areas निवडा, मग शेवटी सिलेक्शन उलटं करा असं सांगतात. या कामासाठी तो निव्वळ वळसा आहे. मूळचं Masked Areas तसंच राहू द्या. पण त्याच खिडकीत, म्हणजे टूलबारच्या तळाशी असलेल्या क्विक मास्कच्या बटणावर डबलक्लिक करून, झिलईचा रंग हिरवा करा. लाल कपावर लाल झिलई दिसत नाही.

ब्रशची Opacity आणि Flow दोन्ही १००% ठेवा. कपाचा मधला भाग मोठ्या ब्रशने भरून टाका.

आता कडा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. ‘कड नैसर्गिक दिसावी म्हणून मऊ ब्रश वापरा’ हे अजिबात ऐकू नका. मऊ ब्रशच्या कडेला मास्क अर्धवट लागतो आणि अर्धवट झाकलेला पिक्सेल अर्धवटच उडतो. उरतो तो पार्श्वभूमीचा फिकट रंग मिसळलेला, अर्धपारदर्शक पट्टा. नव्या गडद पार्श्वभूमीवर तोच पांढरट वलय होऊन दिसतो.

म्हणून Hardness ८० ते ९० टक्के ठेवा, ब्रश लहान घ्या, २०० टक्के झूम करा आणि रंग कपाच्या कडेच्या साधारण एक पिक्सेल आतच थांबवा. फोटोत कडेच्या पिक्सेलमध्ये कप आणि मागचा रंग आधीच मिसळलेले असतात, ते गेलेलेच बरे. रंग बाहेर गेला तर X दाबून पांढऱ्याने पुसा आणि पुन्हा X दाबून पुढे चला. कपाच्या बुडासारख्या सरळ कडेला एका टोकाशी क्लिक करा, मग Shift धरून दुसऱ्या टोकाशी. मधली रेघ आपोआप ओढली जाते. कानाच्या आतली पोकळी रंगवायची नाही, ती उडायला हवी.

एकच अपवाद. कानाचा मागचा भाग फोटोतच फोकसबाहेर, धूसर असेल तर तेवढ्याच ठिकाणी Hardness कमी करा. धूसर कडेला कडक रेघ दिली तर कान कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

बाहेर पडण्याआधी Channels पॅनेल उघडा आणि RGB समोरचा डोळा बंद करा. आता फक्त मास्क दिसेल: कप काळा, बाकी पांढरं. झिलईतून जे कधीच लक्षात येत नाही ते इथे उघडं पडतं. कपाच्या पोटात राखाडी किंवा पांढरे ठिपके असतील तर तिथे Delete नंतर भोकं पडतील. काळ्याने भरा, मग डोळा पुन्हा चालू करा.

Q दाबा. हलणाऱ्या ठिपक्यांच्या रेघेवरून कडेचा अंदाज बांधू नका. ती रेघ फक्त ५० टक्क्यांची सीमा दाखवते, अर्धवट निवडलेले पिक्सेल तिच्या दोन्ही बाजूंना असतात. Select मेनूतून Save Selection करून ठेवा, कारण सिलेक्शन सोडलं की रंगवलेला मास्क गेला.

आता Delete, एकदाच. पुन्हा दाबलंत तर कडेचे अर्धवट पिक्सेल आणखी झिजतात आणि कड खडबडीत होते.

कपाच्या लेअरच्या खाली नवा लेअर घ्या. Ctrl+D ने सिलेक्शन सोडा, तो लेअर गडद निळ्या रंगाने भरा आणि कड पाहा. पांढरट वलय दिसलं तर Ctrl+Z ने Delete च्या आधीपर्यंत मागे या, Q दाबा, तेवढ्या तुकड्यावर पांढऱ्या ब्रशने झिलई पिक्सेलभर आत ढकला आणि Q, Delete पुन्हा करा.