प्रकरण गाइडकडे गेलं की पुढचं सुरू करा

प्रबंधाचं वेळापत्रक आखताना गाइडच्या वाचनाचे दिवस हमखास विसरले जातात. समजा, एका प्रकरणाला लिहायला तीन आठवडे, गाइडच्या वाचनाला दोन आणि दुरुस्तीला एक. पाच प्रकरणं एकामागोमाग केली तर ३० आठवडे. पण संशोधनपद्धतीचा मसुदा पाठवला त्याच दिवशी साहित्याचा आढावा लिहायला घेतला, मसुदा परत आला की लगेच त्याची दुरुस्ती केली, आणि पुढेही असंच चालवलं, तर २२ आठवड्यांत होतं. (दुसरी फेरी निघाली तर वाढेल; पहिल्या प्रकरणाला ती बहुधा निघतेच.)

मसुद्यासोबत नेमका प्रश्न पाठवा: ‘नमुना निवडीचं कारण पटतं का?’ नुसतं ‘बघून घ्या सर’ म्हटलं की शुद्धलेखनाच्याच खुणा परत येतात, आणि मूळ आक्षेप शेवटच्या महिन्यात निघतो.